नारळ आणि मुलगी, बाकी काही नको

माझ्या लेकीचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात झालं. आम्ही साताऱ्याचे, व्याही नाशिकचे आणि मुलं दोघंही पुण्यात नोकरीला. खर्च कुणी किती केला, कामं कशी वाटून घेतली, हे ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात, म्हणून जसं घडलं तसं लिहून काढते.

मुलांनी परस्पर ठरवलं होतं, त्यामुळे पसंती वगैरे प्रश्न नव्हता. एप्रिलमध्ये मुलाच्या वडिलांचा पहिला फोन आला. माणूस अगदी गोड बोलणारा. म्हणाले, "आमचं काही म्हणणं नाही हो. आम्हाला फक्त नारळ आणि मुलगी द्या. बाकी तुमच्या पद्धतीनं, तुमच्या हौसेनं करा." फोन ठेवल्यावर आमचे हे खूश. म्हणाले, "माणसं चांगली मिळाली." माझ्या मात्र पोटात गोळा आला.

कारण हेच वाक्य मी १९९३ साली माझ्या लग्नात ऐकलं होतं. तेव्हाही नारळ आणि मुलगीच हवी होती. मग आठ दिवस आधी निरोप आला की वऱ्हाड दोन गाड्यांचं आहे, आदल्या रात्री उतरण्याची सोय लागेल. चार दिवस आधी कळलं की मानाच्या साड्या एकवीस. लग्नाच्या दिवशी सकाळी बँड कुणी सांगायचा यावरून कुजबुज. कुणी काही मागितलं असं म्हणता यायचं नाही, सगळं "आमच्याकडे अशी पद्धत आहे" या चालीवर. वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढलं आणि ते फेडायला त्यांना चार वर्षं लागली. माझ्या सासरच्या माणसांना हे आजही ठाऊक नाही. ती वाईट होती असंही नाही. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, एवढंच.

म्हणून मी ह्यांना म्हटलं, "काही नको म्हणजे नक्की काय काय नको, ते विचारायला आपण बसायचं. आणि बसण्याआधी आपल्याकडे किती आहेत ते ठरवायचं." हे एसटीतून निवृत्त झालेले, मी शाळेत लिपिक. मुलीचे दागिने आधीच करून ठेवले होते, त्यामुळे तो विषय बाजूला. बाकी सगळं धरून आम्ही पाच लाख काढू शकत होतो. ठेवी न मोडता, कर्ज न काढता. आकडा ठरवायला अर्धा तास लागला आणि तो व्याह्यांना सांगायचा की नाही यावर दोन दिवस वाद झाला. ह्यांचं म्हणणं, आकडा सांगितला की समोरचा तो पूर्ण संपवतो. माझं म्हणणं, नाही सांगितला तर समोरचा मनानं दहा लाख धरतो.

अक्षय तृतीयेनंतरच्या रविवारी बैठक ठरली, आमच्या घरी. त्यांच्याकडून मुलगा, आईवडील आणि वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडून आम्ही दोघं, लेक आणि माझा भाऊ. मी मुद्दाम कुणी मध्यस्थ ठेवला नाही. मध्यस्थ दोन्हीकडे गोड बोलतो आणि मग "तुमचेच दादा म्हणाले होते" असं सुरू होतं.

पोहे, चहा झाला. मग मी शाळेचा फूलस्केप कागद घेतला, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि वर लिहिलं, "याद". पूर्वीच्या याद्यांच्या बैठकीत करायचे तसंच. आत्याबाई चमकल्या. "याद्या? आता कुठे याद्या करतात?" मी म्हटलं, "पूर्वी मुलीकडच्यांनी काय द्यायचं ते लिहायचे. आपण दोघांनी काय करायचं ते लिहू." मग मोठा श्वास घेतला आणि सांगून टाकलं, "आमच्याकडे या लग्नासाठी पाच लाख आहेत. त्यापुढे आम्ही जाणार नाही. तुमचं कसं आहे ते मोकळेपणानं सांगा."

खोलीत पंख्याचा आवाज येईल एवढी शांतता झाली. ह्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं. व्याही बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि मग म्हणाले, "खरं सांगू का वहिनी, आमच्याकडे चारच आहेत. फ्लॅटचे हप्ते चालू आहेत. आणि आमची भावकी मोठी. पाचशेच्या खाली माणूस उतरत नाही. म्हणून मी तुमच्या हौसेवर सोडलं होतं." विहीणबाईंनी मान खाली घातली. मुलगा बापाकडे बघतच राहिला. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

म्हणजे "काही नको" या वाक्याच्या पोटात हे होतं. पाचशे माणसं आणि चार लाख. त्यांना मागायचं नव्हतं आणि नाही म्हणायची लाज वाटत होती. आम्ही गप्प राहिलो असतो तर त्या पाचशे पानांची सोय "हौस" म्हणून आमच्याकडेच आली असती.

इथून पुढे सोपं गेलं. लेक म्हणाली, "निम्मा-निम्मा करा ना सरळ." तरुण मुलांना निम्मा-निम्मा फार न्याय्य वाटतं. पण निम्मं कशाचं? आमची माणसं १६०, त्यांची पाचशे. पानांचा खर्च निम्मा केला तर आम्ही त्यांच्या भावकीला जेवू घालणार, आणि उलटं असतं तर त्यांनी आमच्या. मी कागदावर उभे तीन रकाने पाडले : सामायिक, आपापलं आणि मुलांचं.

सामायिक म्हणजे माणसं कितीही आली तरी बदलत नाही ते. कार्यालयाचं भाडं, सजावट, गुरुजी आणि पूजेचं साहित्य, सनई-चौघडा. हे बरोबर निम्मं. आपापलं म्हणजे पानं, आपल्या पाहुण्यांची राहायची सोय, गाड्या, आपल्या घरच्यांचे कपडे. पत्रिकाही आपापल्या. फोटो आणि व्हिडिओ मुलांनी स्वतःच्या पगारातून करायचे ठरले, कारण त्यात कोणता अल्बम आणि किती मिनिटांचा व्हिडिओ हे आम्हा म्हाताऱ्यांना कळत नाही आणि मग वाद होतात.

पाचशेचा प्रश्न व्याह्यांनीच सोडवला. भावकीला पुण्याला आणण्याऐवजी लग्नानंतर गावी सत्यनारायण आणि गावजेवण करायचं, ते पूर्ण त्यांचं. गावात आचारी बोलावून केलेलं जेवण कार्यालयातल्या पानापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. पुण्याला त्यांची माणसं २९० वर आली.

आता मानपान. इथे पैशापेक्षा जास्त वेळ गेला. आत्याबाईंनी हळूच विषय काढला, "विहिणीचे पाय धुणं, मानाच्या साड्या, जावयांचे टॉवेल-टोपी, हे तर होईलच ना?" मी उत्तर द्यायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, "माझे पाय कुणी धुवायचे नाहीत, वन्सं. मला अवघडल्यासारखं होतं." आत्याबाई रुसल्या. त्यांच्या लग्नात त्यांच्या सासूचे पाय चांदीच्या ताम्हणात धुतले होते, हे त्यांनी दोनदा सांगितलं. शेवटी ठरलं की सीमांतपूजनाला मी विहीणबाईंची ओटी भरायची आणि त्यांनी माझी. आणि साड्यांचं असं, की ज्याची माणसं त्यानं त्यांचा आहेर करायचा. आत्याबाईंना साडी त्यांच्या भावानं घ्यायची, माझ्या नणंदेला आम्ही. एकमेकांच्या नातेवाइकांची पसंती ओळखण्याची कसरत संपली आणि "हलकी साडी दिली" हे वाक्य म्हणायची सोयच राहिली नाही. ओलांडून जाणाऱ्या फक्त तीन गोष्टी ठेवल्या : त्यांच्याकडून मंगळसूत्र, आमच्याकडून नवरदेवाचा पोशाख, आणि कानपिळीला माझ्या मुलाला त्यांच्याकडून काय ते. मामाची पिवळी साडी माझ्या भावाची, ती तर आपलीच.

मंगळसूत्राचं मी रुपयांत लिहिणार होते. माझा भाऊ म्हणाला, "ताई, रुपयांत नको, ग्रॅममध्ये लिही. मे ते डिसेंबर सोन्याचा भाव कुठे जाईल सांगता येत नाही." किती ग्रॅम ते व्याह्यांनी स्वतः सांगितलं, आम्ही विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र मी कागदावर येऊ दिली नाही. मुलीला आम्ही काय घालतो ते. आत्याबाईंनी सहज विचारलं, "दागिने किती तोळे लिहायचे?" मी म्हटलं, "ते तिचं स्त्रीधन आहे, यादीत येत नाही." १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्यात मागून घेतलेलं काहीही हुंड्यातच मोडू शकतं, आणि बैठकीच्या कागदावर ते लिहिलं की दिलेलं आणि मागितलेलं यातली रेघच पुसते. उलट लग्नात वधूवरांना मिळालेल्या भेटींची वेगळी यादी करून ठेवावी असे १९८५ चे नियम आहेत, आणि ती आम्ही लग्नानंतर केली, दोघांच्या सह्यांनी. ती वेगळी वही.

याद लिहून झाल्यावर खाली एक ओळ घातली, माझ्या मते सगळ्यात कामाची : "आज लिहिलेल्यापेक्षा जो वाढवेल, तो भरेल." दोन्ही व्याह्यांनी सह्या केल्या. लेकीनं कागदाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला.

कार्यालय बघायला दोन्ही घरची माणसं एकत्र गेली, हे फार बरं केलं. एकानं बघून दुसऱ्याला सांगितलं की "तुम्हीच पसंत केलं होतं" हे राहतंच. दीड दिवसाचं भाडं १,८०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,१२,४००. दुपारचं पान ५५० रुपये, आदल्या रात्रीचं ३८०. व्यवस्थापकाला मी कागद पुढे करून एकेक विचारत गेले. बाहेरचा सजावटवाला आणला तर रॉयल्टी पडते. जनरेटरचं डिझेल वेगळं. पानांची हमी चारशेची, म्हणजे साडेतीनशे जेवले तरी पैसे चारशेचे. दुपारी चारला हॉल सोडायचा, पुढे दर तासाला ७,५०० आणि तास सुरू झाला की पूर्ण धरणार. शिवाय ३०,००० अनामत. भाडं आम्ही निम्मं-निम्मं भरलं. अनामत ह्यांनी त्याच दिवशी पूर्ण भरून टाकली, पावती आमच्या नावाची. परत मिळणारेच पैसे, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

हिशेब असा बसला. भाडं, ७५,००० ची सजावट, गुरुजींचे साहित्यासकट २१,००० आणि सनईचे १२,००० मिळून सामायिक ३,२०,४००, म्हणजे प्रत्येकी १,६०,२००. पानं दोन्ही वेळची धरून आमची १,१०,८०० ची, त्यांची १,९३,७०० ची. म्हणजे आमचे २,७१,००० आणि त्यांचे ३,५३,९००. डोळे मिटून निम्मं-निम्मं केलं असतं तर आम्हाला ४१,४५० जास्त पडले असते. ही रक्कम लग्नाच्या मानानं मोठी नाही, पण वर्षानुवर्षं मनात राहायला पुरते. व्याह्यांचे चार लाख मात्र इथेच जवळजवळ संपले, आणि गावजेवण बाकी होतं. ते त्यांनी माणसं कमी न करता पदार्थ कमी करून बसवलं. मसालेभात, वांग्याची भाजी, बुंदी.

कामांचंही लिहिलं होतं. गुरुजी, मुहूर्त, पूजेची यादी आमच्याकडे. सजावट आणि सनई त्यांच्याकडे. ज्याच्याकडे काम त्यानंच त्या माणसाशी बोलायचं, दुसऱ्यानं फोन करायचा नाही. हे थोडं मोडलं. माझ्या भावानं सजावटवाल्याला परस्पर झेंडूऐवजी मोगरा सांगितला, आठ हजार वाढले, आणि "जो वाढवेल तो भरेल" या ओळीनुसार ते भावानं गुपचूप भरले. किरकोळ खर्चासाठी दोन्हीकडून पंधरा-पंधरा हजार एका स्टीलच्या डब्यात घातले. डबा माझ्या भावाकडे, वही त्यांच्या पुतण्याकडे. डब्यातून पैसे निघाले की वहीत चढणार. लग्नाच्या दिवशी डिझेल, वाढपी, रिक्षा, विसरलेल्या सुपाऱ्या, सगळं त्यातूनच. नवरीच्या बापाच्या मागे "काका, पाचशे द्या" करत धावणारी पोरं आमच्या लग्नात दिसली नाहीत.

लग्नाला दहा दिवस असताना आत्याबाईंनी घोडा आणि ढोल-ताशा काढला. भाचा एकदाच लग्न करणार वगैरे. पस्तीस हजार. व्याह्यांनी मला फोन करून सांगितलं, "ओळीप्रमाणे आमचं. तुम्ही काळजी करू नका." मी काळजी केली नाही आणि चूक तिथेच झाली.

पानांचं आधीच ठरलेलं होतं, ते सुरळीत झालं. बुफेत कोण कुणाचा पाहुणा हे ओळखता येत नाही, त्यामुळे जास्तीची पानं १६० आणि २९० याच प्रमाणात वाटायची असं लिहिलं होतं. वापरलेल्या ताटांपाशी दोन्हीकडचा एकेक मुलगा उभा होता. केटररचा माणूस, आमचा आणि त्यांचा, तिघांचा आकडा ४८६. अंदाजापेक्षा ३६ जास्त. तेरा आमची, तेवीस त्यांची. पाच मिनिटांत मिटलं.

घोड्याचं मिटलं नाही. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. वरात कार्यालयाच्या दारात आली एक वाजता, कारण ढोलवाल्यांना कोपऱ्यावर थांबवायची कुणाची हिंमत झाली नाही. मंगलाष्टकं सव्वाला सुरू झाली, जेवणं लांबली, आणि हॉल सोडला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. चारनंतरचा दुसरा तास सुरू झालेला. व्यवस्थापकानं अनामतीतून १५,००० कापले आणि उरलेले १५,००० ह्यांच्या हातात ठेवले. म्हणजे न भांडता, न विचारता ते पैसे आमचे गेले. पावती आमच्या नावाची ना!

हे रात्रभर धुमसत होते. "घोडा त्यांचा, उशीर त्यांचा, तर दंड आपला कसा?" मला पटत होतं. आमच्या ओळीत वाढवलेल्या वस्तूचं होतं, त्या वस्तूमुळे पुढे जे वाढेल त्याचं नव्हतं. अनामतही सामायिक म्हणून लिहायला हवी होती. पण मग मी लग्नाचे फोटो बघताना वेळा बघितल्या. नवरी मामाच्या हाताला धरून मांडवात येते आहे, त्या फोटोवर वेळ होती १२:५०. मेकअपवालीला उशीर झाला होता आणि ती आमच्याकडची. घोडा वेळेवर आला असता तरी अंतरपाट पाऊणच्या पुढेच धरला गेला असता.

सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी नाशिकला हिशेबाला बसलो. डबा, वही, याद, सगळं पुढ्यात. डब्यात २,८६० उरले होते, ते निम्मे केले. अनामतीचं मी सांगितलं आणि फोटोची वेळही सांगितली. ह्यांनी मला टेबलाखालून पाय मारला. व्याही म्हणाले, "नाही वहिनी, घोडा आमचा. पंधरा हजार मी देतो." विहीणबाई म्हणाल्या, "निम्मे करा आणि उठा, जेवण गार होतंय." आत्याबाई काही बोलल्या नाहीत, पण जेवताना त्यांनी ह्यांच्या पानात दुसरी पुरणपोळी आग्रहानं वाढली.

साडेसात हजार त्यांनी त्याच रात्री पाठवले. परतीच्या गाडीत हे बोटांवर मोजत होते. "नवरी पंधरा मिनिटं उशिरा, घोडा पंचवीस. म्हणजे त्यांच्याकडे नऊ हजारांच्या वर निघतात." मी खिडकीची काच खाली केली. सिन्नर मागे पडेपर्यंत त्यांचा हिशेब चालूच होता.